अँकर ३ पाशी फिल्टरला एवढी खात्री येते कुठून?

अँकर ३ चा घोटाळा उलगडला. पूर्ण निस्तरला असं म्हणणार नाही, पण मूळ सापडलं, आणि आपण सगळे जिकडे बोट दाखवत होतो तिकडे ते नव्हतंच.

मागच्या नोंदीतलं दुखणं थोडक्यात असं. ठरावीक जागी बसवलेल्या रेडिओ अँकरपासूनची अंतरं आणि चाकांची हालचाल जुळवून ईकेएफ, म्हणजे एक्स्टेंडेड काल्मन फिल्टर, रोबोची जागा काढतो. रोबो लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून जातो तेव्हा एकाही अँकरचं अंतर मिळत नाही, सगळा भार चाकांच्या एन्कोडरवर आणि जायरोवर. बोळातून बाहेर पडताच अँकर ३ दिसतो, तोही अगदी अर्ध्या मीटरवर. तिथून पुढे रोबोची जागा दहा-पंधरा सेंटीमीटरने सरकते आणि सरकलेलीच राहते. सरकण्याचं एवढं दुःख नाही. राग येतो तो फिल्टरच्या छातीठोकपणाचा: अनिश्चिततेच्या मॅट्रिक्समधून, `P` मधून, विचारलं तर तो सांगतो, माझी चूक दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. पुढे दूरचे अँकर दिसू लागले की गेट, म्हणजे न पटणारी मापनं गाळणारी चाचणी, अँकर ३ लाच खोटारडा ठरवून बाहेर काढतं. म्हणजे खरं सांगणारा बाहेर आणि चुकीची जागा आत.

मांडणी बदललेली नाही. स्टेट तीनच: `x`, `y`, `theta`. प्रेडिक्शन नेहमीच्या युनिसायकल मॉडेलने, आणि मापन म्हणजे प्रत्येक यूडब्ल्यूबी अँकरपर्यंतचं सरळ अंतर, सिग्मा ५ सेंटीमीटर. छताच्या कॅमेऱ्यावरून एप्रिलटॅग वाचून खरी जागा मिळते, पण ती फिल्टरला दाखवत नाही, फक्त तपासायला वापरतो. जोसेफ फॉर्म आणि कोन पाय-उणे-पायमध्ये गुंडाळणं या दोन्ही गोष्टी आधीच झाल्या आहेत, त्यामुळे त्या वाटेने कोणी सल्ले देऊ नयेत.

संशयित आधी एकेक करून निकाली काढले. जेकोबियन फायनाइट डिफरन्सशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. अँकरचे कोऑर्डिनेट पुन्हा मोजले. अँटेना डिलेचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं. विक्रेत्याने मॉड्यूलसोबत जो ‘तयार’ आकडा दिलेला असतो त्यावर विसंबणं मी केव्हाच सोडलंय, प्रत्येक जोडी स्वतः मोजलेली बरी. यातल्या कशानेही फरक पडला नाही. मापनाच्या नॉइजचा व्हेरियन्स `R` वाढवून पाहिला तर घोटाळा उशिरा व्हायचा, एवढंच.

मग रोबो बाजूला ठेवला आणि कागदावर मावेल असं उदाहरण केलं. यात नॉइज मुद्दाम शून्य ठेवलाय, म्हणजे दोष नशिबावर ढकलता येणार नाही.

अँकर (0, 0) वर. फिल्टरच्या मते रोबो (0, 0.5) वर, `y` अक्षाच्या रेषेत अँकरकडे येतोय. बोळातले चार मीटर त्याने आंधळेपणाने कापलेत आणि दिशेतली अनिश्चितता ०.१ रेडियन, म्हणून आडव्या दिशेत, म्हणजे `x` मध्ये, सिग्मा ०.४ मीटर. पुढे-मागे एन्कोडर बरा असतो, म्हणून `y` चा सिग्मा ०.१ मीटर. आता समजा रोबो खरोखर (0.4, 0.5) वर आहे, `x` मध्ये बरोबर एक सिग्मा बाजूला. यात काहीच जगावेगळं नाही, फिल्टरने स्वतःच ही शक्यता धरलेली आहे.

खरं अंतर 0.16 + 0.25 चं वर्गमूळ, म्हणजे ०.६४ मीटर. फिल्टरची अपेक्षा ०.५०. इनोव्हेशन १४ सेंटीमीटर. आणि जेकोबियन `H`? अंदाजित जागेवर तो `[0, 1, 0]` येतो. त्या बिंदूपाशी `x` किंचित हलवला तर अंतर पहिल्या क्रमात बदलतच नाही. मग सगळे १४ सेंटीमीटर कोणाच्या माथी? `y` च्या. इथेच सगळा खेळ आहे.

आकडे पाहा. इनोव्हेशनचा व्हेरियन्स `S` = 0.01 + 0.0025 = 0.0125, एनआयएस, म्हणजे इनोव्हेशनचा वर्ग भागिले `S`, १.५७. गेट ३.८४ वर आहे, म्हणजे हे मापन आरामात आत येतं, शंका घ्यायला जागाच नाही. गेन `K` ०.८, `y` सरकून ०.६१२ वर, आणि नवा सिग्मा ४.५ सेंटीमीटर. खरी चूक ११ सेंटीमीटर. एका मापनात `y` ची चूक शून्यावरून अडीच सिग्मांवर गेली.

आता रोबो तिथेच उभा राहिला आणि तेच अंतर पुन्हा पुन्हा येत गेलं तर काय होईल? दुसऱ्या वेळी इनोव्हेशन जेमतेम तीन सेंटीमीटर उरतं, कारण `y` आधीच ढकललेला आहे. दहाव्या मापनापर्यंत `y` ०.६३७ वर पोचतो, चूक १३.७ सेंटीमीटर, आणि फिल्टर सांगतो सिग्मा १.६ सेंटीमीटर. जवळपास नऊ सिग्मा! १० हर्ट्झला हे सगळं एका सेकंदात होतं.

मी इतके दिवस एनआयएसच्या आलेखाकडे बघत होतो आणि तो निर्मळ दिसत होता. दिसणारच. दहाव्या मापनाचा एनआयएस ०.०१ च्याही खाली येतो. फिल्टरने मापनाशी जुळवून घेतलेलं असतं, फक्त चुकीच्या स्टेटमध्ये बदल करून. एनआयएस मापनाच्या जगात बघतो, तिथे सगळं जुळतंय. एनईईएस, म्हणजे कॅमेऱ्याच्या खऱ्या जागेशी केलेली तुलना, याच ठिकाणी सत्तरच्या वर जाते. दोन स्टेटसाठी ९५ टक्क्यांची मर्यादा ५.९९ असते. तेव्हा ज्यांच्याकडे खरी जागा मोजायची काही सोय आहे त्यांनी एनईईएस काढाच. नुसत्या एनआयएसवर फिल्टर पास करणं म्हणजे विद्यार्थ्यालाच पेपर तपासायला देणं.

आता उपाय. पहिला विचार अर्थात आयईकेएफचा, म्हणजे इटरेटेड ईकेएफचा. अपडेटनंतरच्या नव्या जागेवर पुन्हा लिनियराईझ करा, पुन्हा अपडेट करा, स्थिरावेपर्यंत. गटात निम्म्या लोकांचा हाच सल्ला होता. या उदाहरणात लावला आणि उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच आलं. वाटलं कोडमध्ये लूप फिरतच नाहीये. फिरत होतं. कारण नीट पाहिलं तर साधं आहे: पहिल्या अपडेटने फक्त `y` हलतो, `x` शून्यावरच राहतो, आणि `y` अक्षावर कुठेही उभं राहून जेकोबियन काढा, तो `[0, 1, 0]` च येतो. आयईकेएफ शेजारच्या उतारावरून खाली जातो, आणि इथे `x` च्या दिशेला उतारच नाही. डावीकडे आणि उजवीकडे दोन सारख्याच शक्यता आहेत आणि हा पठ्ठ्या मधोमध उभा. प्रत्यक्षात रोबो अगदी अक्षावर नसतो, त्यामुळे आयईकेएफ कधी या बाजूला घसरतो कधी त्या, आणि ती बाजू बरोबर असेलच याची हमी नाही. मला तर हे साध्या ईकेएफपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

दुसरा प्रयोग अंडरवेटिंगचा. ईकेएफ मुळात अंतराळ नेव्हिगेशनमधून आलेला. काल्मनचा शोधनिबंध १९६० चा, आणि ठरावीक आखलेल्या मार्गाऐवजी ताज्या अंदाजाभोवतीच दर वेळी लिनियराईझ करायचं हे नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिटच्या गटाने अपोलोच्या तयारीत रुजवलं. स्पेस शटलच्या नेव्हिगेशनमध्ये पुढे हाच छातीठोकपणा आवरायला एक युक्ती होती: अनिश्चितता मोठी आणि मापन अचूक असेल तेव्हा `S` मध्ये `H P H^T` चा काही हिस्सा जास्तीचा मिळवायचा, म्हणजे `K` आपोआप दबतो. मी २० टक्के मिळवून पाहिले. `K` ०.८ वरून ०.६९ वर आला. बस्स. आपली खरी अनिश्चितता आडव्या दिशेत आहे आणि `H` ला ती दिशा दिसतच नाही, म्हणून `H P H^T` मध्ये ते ४० सेंटीमीटर येतच नाहीत. जे दिसत नाही त्याचे २० टक्के घेऊन काय होणार.

म्हणजे ती न दिसणारी दिशाच हिशेबात आणायला हवी. टेलर मालिकेतलं दुसरं पद. अंतराच्या फंक्शनसाठी ते फारच सुटसुटीत निघतं: अँकरकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनातली दिशा `t` घ्या, त्या दिशेतला व्हेरियन्स `Pt` काढा, अँकरपर्यंतचं अंतर `r` धरा, आणि वक्रतेमुळे सरासरी अंतर `b = Pt / (2 r)` एवढं जास्त भरतं. `S` मध्येही `2 b^2` मिळवायचं. हेसियन मॅट्रिक्स वगैरे मांडायची गरज नाही. सिम्पायने चार ओळी भरून दिलेलं काढून टाकलं आणि हे हाताने लिहिलं:

```python
def range_update(x, P, anchor, z, R):
    d = x[:2] - anchor
    r = np.hypot(d[0], d[1])
    u = d / r
    t = np.array([-u[1], u[0]])
    H = np.array([u[0], u[1], 0.0])
    b = 0.5 * (t @ P[:2, :2] @ t) / r
    S = H @ P @ H + R + 2.0 * b * b
    K = P @ H / S
    x = x + K * (z - (r + b))
    P = P - np.outer(K, K) * S
    return x, P
```

(शेवटची ओळ वाचायला सोपी म्हणून अशी ठेवलीय. रोबोवर जोसेफच आहे, तिथे `R` च्या जागी `R + 2 b^2` जातो. कोन गुंडाळणंही इथे गाळलंय.)

आपल्या उदाहरणात `Pt` ०.१६ आणि `r` ०.५, म्हणून `b` १६ सेंटीमीटर. थांबून हा आकडा बघा. सेन्सरचा सिग्मा ५ सेंटीमीटर, आणि नुसतं सरळ रेषेत धरल्यामुळे येणारा पूर्वग्रह त्याच्या तिप्पट. साधा ईकेएफ हा १६ चा आकडा शून्य धरून चालत होता. आता अपेक्षित अंतर ०.६६, इनोव्हेशन उणे २ सेंटीमीटर, `S` ०.०६३७, `K` ०.१६. `y` तीन मिलिमीटर हलतो आणि सिग्मा ९ सेंटीमीटर राहतो. फिल्टर म्हणतोय, ‘या मापनातून मला फारसं कळलं नाही’. तेच खरं उत्तर आहे!

`b` चा दुसरा उपयोग मला जास्त आवडला. लिनियराईझ करणं इथे चालेल का, हे विचारायचा तो सरळ मापदंड आहे. `b` सेन्सरच्या सिग्मापेक्षा बराच लहान असेल तर साधा ईकेएफ बिनधास्त वापरा. तेवढाच किंवा मोठा झाला तर जेकोबियनवर विश्वास नको. `r` छेदात आहे म्हणून जवळचा अँकर वाईट, आणि `Pt` अंशात आहे म्हणून आंधळं चालून आल्यावरचा जवळचा अँकर सगळ्यात वाईट. बोळाच्या तोंडाशी दोन्ही एकदम जुळून येतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर `b` सगळ्या अँकरसाठी छापून पाहिला, आणि बेत बदलला. अँकर १ त्याच क्षणी सहा मीटरवर आहे, `x` च्या दिशेत. त्याच्यासाठी काटकोनातली दिशा म्हणजे `y`, `Pt` फक्त ०.०१, आणि `b` एक मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे तो जवळपास आदर्श रेखीय सेन्सर आहे. मग त्याला आधी का घेऊ नये?

घेतला. अंतर ५.६, अपेक्षा ६.०, इनोव्हेशन उणे ४० सेंटीमीटर, पण `S` ०.१६२५ असल्याने एनआयएस एकच्या आत. `x` ०.३९४ वर आला, सिग्मा ५ सेंटीमीटर. बोळातून येताना `x` ची चूक दिशेच्या चुकीतूनच जमली होती आणि `P` मध्ये ती सांगड नोंदलेली आहे, त्यामुळे दिशाही आपसूक ०.०९८ रेडियनने सरळ झाली. आता अँकर ३ घ्या, नव्या जागेवर जेकोबियन काढून. अपेक्षित अंतर ०.६३७, आलेलं ०.६४०. तीन-चार मिलिमीटरचा फरक. संपलं. दुसरं पदही फारसं लागलं नाही.

तीच मापनं, तोच साधा ईकेएफ, फक्त क्रम बदलला. रेखीय काल्मन फिल्टरमध्ये एकाच क्षणाची मापनं कोणत्याही क्रमाने घ्या, उत्तर एकच येतं, म्हणून क्रमाकडे लक्ष देण्याची सवयच नसते. ईकेएफमध्ये प्रत्येक मापनानंतर नव्याने लिनियराईझ होतं, त्यामुळे पहिलं कोण याला अर्थ आहे. माझ्या कोडमध्ये मापनं आयडीच्या क्रमानेही नव्हती, जशी रेडिओवरून येतील तशी जात होती. आणि बोळाच्या तोंडाशी जवळचा अँकर नेहमी आधी हाती लागतो.

तेव्हा आता एका फेरीतली सगळी अंतरं गोळा करतो, प्रत्येकाचा `b` काढतो, सगळ्यात लहान `b` वालं मापन आधी घेतो, आणि त्यानंतर उरलेल्यांचा `b` पुन्हा काढतो. माझी फेरी ४० मिलिसेकंदांची आहे आणि रोबो ताशी किलोमीटरभराच्याही खाली चालतो, तेवढ्यात तो सेंटीमीटरभर सरकतो. सध्या ते सोडून दिलंय. ज्यांचा रोबो धावतो त्यांनी वेळेचे शिक्के बघून प्रत्येक मापनापर्यंत प्रेडिक्ट करायला हवं, आणि मग क्रम उलटा करणं एवढं सोपं राहणार नाही.

जमिनीवर परिणाम लगेच दिसला. बोळातून बाहेर आल्यावर एनईईएस मर्यादेच्या आत राहते, गेट अँकर ३ ला हाकलत नाही, आणि कॅमेऱ्याची रेषा नि फिल्टरची रेषा वळणावर एकमेकींवर बसतात. ते वळण मी पुन्हा पुन्हा चालवून बघितलं, विनाकारण.

एक बाब मात्र उरलीय, आणि ती खुपतेय. अँकर १ आडोशाला असेल आणि रोबो अँकर ३ शेजारी नुसता उभा असेल तर? तेव्हा फक्त दुसऱ्या पदाचा आधार. कागदावरचंच उदाहरण उलटं केलं: यावेळी रोबो खरोखर (0, 0.5) वर आहे, अंतर ०.५० येतंय. अपेक्षा ०.६६ ची, म्हणून दर मापनाला `y` थोडा खाली ओढला जातो. दहा मापनांनंतर तो ०.३९ वर, चूक ११ सेंटीमीटर, सिग्मा ६.४. अजून दोन सिग्माच्या आत आहे, पण दिशा बघा: `y` घटला की `r` घटतो, `b` वाढतो, आणि तो आणखी खाली ओढतो. घसरण थांबत नाही.

कारण `2 b^2` हा दर वेळी नवा, स्वतंत्र नॉइज असल्यासारखा मिळवला जातो, आणि तो तसा नाही. `x` ची चूक उभ्या रोबोत तीच राहते, म्हणून वक्रतेची चूकही दहाही मापनांत तीच. सरासरीने ती कमी होत नाही, पण फिल्टर ती कमी झाल्याचं धरतो.

हे लिहितानाच एक सुचलं आणि चटकन पडताळून पाहिलं. रोबो थांबलेला असताना दहा मापनांची आधी सरासरी काढायची आणि एकच अपडेट करायचा. `R` दहाने भागला जातो, `2 b^2` तसाच राहतो. `y` ०.४७४ वर थांबतो, चूक २.६ सेंटीमीटर, सिग्मा ९. सरळ हिशेब, आणि प्रोसेसरवर कामही कमी.

पण रोबो पूर्ण थांबलेला नसून रांगत असेल तर सरासरी काढता येत नाही आणि मापनं स्वतंत्रही नसतात. त्यासाठी `Pt` किती बदललाय ते पाहून अपडेट विरळ करायचा विचार आहे: मागच्या अपडेटपासून अँकरकडे पाहण्याचा कोन पुरेसा बदलला नसेल आणि `b` सेन्सरच्या सिग्मापेक्षा मोठा असेल, तर मापन फक्त साठवून ठेवायचं. ‘पुरेसा’ म्हणजे किती हे अजून ठरवलेलं नाही. यूकेएफ लावून मोकळा हो म्हणणाऱ्यांसाठी: सिग्मा पॉइंटमुळे `b` आपोआप हिशेबात येईल हे खरं, पण तेच मापन पुन्हा पुन्हा मोजण्याची अडचण तिथेही जशीच्या तशी राहते. आधी ती सोडवतो.

मधल्या काळात कोणाकडे एकच अँकर आणि हळू चालणारा रोबो असलेला लॉग असेल तर पाठवा, खऱ्या जागेसकट. माझ्याकडच्या लॉगमध्ये रोबो बोळाच्या तोंडाशी थांबलेला तरी आहे नाहीतर भरधाव तरी. रांगणारा एकही नाही.